सासूबाईंना वाढदिवसाचा मेसेज कसा लिहायचा : नव्या सुनांसाठी एकेक पायरी

लग्नानंतर सासूबाईंचा पहिला वाढदिवस आला की बऱ्याच जणी आदल्या रात्री फोन घेऊन बसतात, एक ओळ लिहितात, पुसतात, परत लिहितात. आपल्या आईला "हॅपी बर्थडे गं आई" म्हटलं की झालं, मैत्रिणीला तर काहीही लिहिलं तरी चालतं, पण इथे नातं जवळचं आहे आणि अजून अंगवळणी पडलेलं नाही, त्यामुळे जरा मोकळं लिहिलं की आगाऊपणा वाटेल का अशी भीती आणि जरा जपून लिहिलं की परकं वाटेल का अशी भीती. शेवटी कंटाळून "आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, ईश्वर आपणांस उदंड आयुष्य देवो" हे कुठूनतरी उचललेलं वाक्य पाठवलं जातं. त्यात चूक काही नाही, पण तेच वाक्य ऑफिसातल्या साहेबांनाही पाठवता येतं, आणि सासूबाईंना ते वाचताना नेमकं तेच जाणवतं.

मी स्वतः सून म्हणून असे मेसेज लिहीत आलेय आणि आता धाकटी जाऊ, मैत्रिणी, त्यांच्या मैत्रिणी विचारत असतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. हे सगळं त्या चार-सहा ओळींच्या खाजगी मेसेजबद्दल आहे, कारण अडतं ते तिथेच. मध्येमध्ये माझ्या धाकट्या जावेचं उदाहरण देईन, तिला विचारूनच देतेय.

आधी हाताशी काय हवं

- घरात त्यांना कोण काय हाक मारतं, आणि तुम्ही स्वतः काय मारता, हे
- त्यांचा वाढदिवस घरात नक्की कुठल्या तारखेला धरतात ते
- गेल्या वर्षभरातला त्यांचा आणि तुमचा एक छोटा प्रसंग
- त्यांना सध्या मनापासून काय हवंय याचा थोडा अंदाज
- त्यांच्या फोनवर त्यांना वाचायला सोपं जातं का, की चष्मा शोधावा लागतो, ही माहिती

तारखेचं मुद्दाम लिहिलंय. आपल्या सासूबाईंच्या पिढीत कितीतरी जणींची शाळेत लावलेली जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख वेगळी असते, कागदपत्रांवर आणि सोशल मीडियाच्या प्रोफाइलवर शाळेतली जाते आणि घरचे वेगळ्याच दिवशी शुभेच्छा देतात. म्हणून प्रोफाइल बघून गाफील राहू नका, नवऱ्याला किंवा नणंदेला आधीच विचारून घ्या.

१. हाक आणि "तुम्ही" की "तू" हे पक्कं करा

एरवी तुम्ही त्यांना "आई" म्हणत असाल तर मेसेजमध्येही "आई"च लिहा. "आदरणीय सासूबाई", "प्रिय सासूमाँ", "माय डिअर मॉम" यातलं काहीही त्या एका दिवसासाठी नवीन आणू नका, कारण तुमच्या तोंडची सवयीची हाक वाचली की त्यांच्या कानात तुमचा आवाज येतो, नवी हाक वाचली की कार्ड वाचल्यासारखं होतं. ज्या घरात "मम्मी" म्हणतात तिथे मम्मी, "अहो आई" म्हणतात तिथे "अहो आई". "अहो आई" लिहायला काहींना जुनाट वाटतं, पण त्यात आदर आणि लाड दोन्ही एकदम येतात, तुमच्या बोलण्यात असेल तर बिनधास्त लिहा.

ज्यांनी अजून कुठलीच हाक मारायला सुरुवात केलेली नाही (हे खूप होतं, पहिले काही महिने सुना हाक न मारताच समोर जाऊन बोलतात), त्यांनी नवरा जी हाक मारतो ती घ्यावी आणि "तुम्ही" ठेवावं. म्हणजे "आई, तुम्ही...". हे कुठल्याही घरात खपतं.

"तू" फक्त तेव्हाच, जेव्हा रोजच्या बोलण्यात "तू" आहे. मेसेजमध्ये जवळीक दाखवायला म्हणून अचानक "तू" करू नका. आणि उलटंही करू नका, रोज "तुम्ही" म्हणताय तर वाढदिवसाला "आपण" नको. "आपण" आलं की मागोमाग "आपणांस", "आपले मार्गदर्शन", "आम्हांस लाभो" अशी सगळी रांग येते आणि मेसेजचं निवेदन होतं.

२. एक प्रसंग शोधा, एकच

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मेसेज चांगला होतो तो या पायरीवर, पुढचं सगळं त्याला नीटनेटकं करणं आहे.

माझ्या जावेला मी विचारलं की तुला आईंबद्दल काय लिहायचंय, तर ती म्हणाली, "ताई, त्या खूप प्रेमळ आहेत, सगळ्यांचं करतात, मला मुलीसारखं वागवतात." तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, माझ्याही त्याच सासूबाई आहेत त्यामुळे मला माहितीय. पण या तीन वाक्यांत आमच्या आई कुठेच दिसत नाहीत, जगातल्या कुठल्याही चांगल्या सासूला ती लागू पडतील.

मग मी तिला वेगळा प्रश्न विचारला. आईंनी तुला असं काय विचारलं किंवा केलं, जे दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही आलं नसतं? ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की नवीन ऑफिसच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आईंचा फोन आला होता, आणि त्यांनी विचारलं, "जागा खिडकीजवळ मिळाली का गं?" हिला कोंदट खोलीत गुदमरल्यासारखं होतं हे ती कधीतरी गाडीतून जाताना सहज बोलून गेली होती, काच खाली करताना. आईंनी ते मनात ठेवलं होतं.

असा प्रसंग हवा. त्याची ओळख काय, तर तो लहान असतो, त्यात त्यांचं एखादं वाक्य किंवा कृती जशीच्या तशी आठवते, आणि तो सांगितल्यावर त्या काय स्वभावाच्या आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. "प्रेमळ" हा शब्द न वापरता प्रेमळपणा कळतो.

पटकन आठवत नसेल तर हे प्रश्न स्वतःला विचारून बघा. तुम्ही आजारी होतात किंवा खूप दमला होतात तेव्हा त्या काय म्हणाल्या? त्यांनी तुमची बाजू कधी घेतली, मुलासमोर किंवा नातेवाइकांसमोर? तुमच्या आईवडिलांशी त्या कशा बोलल्या? त्यांनी तुम्हाला एखादी गोष्ट शिकवली तेव्हा कशी शिकवली? त्यांची एखादी वस्तू त्यांनी तुम्हाला वापरायला दिली का? त्यांचा मागचा एखादा मेसेजही उघडून बघा, त्यात बऱ्याचदा सापडतं.

दोन-तीन प्रसंग आठवले तरी एकच घ्या. तीन घातले की यादी होते, आणि प्रत्येकाला अर्धीच ओळ मिळते. उरलेले पुढच्या वर्षांसाठी ठेवा, वाढदिवस दरवर्षी येतोच.

एक काळजी घ्या. त्या प्रसंगात त्यांचं किंवा घरातल्या कुणाचं खाजगी दुखणं, पैशांची अडचण, भांडण असं काही असेल तर तो कितीही हृद्य असला तरी मेसेजमध्ये नको. मेसेज त्या कौतुकाने दुसऱ्याला दाखवतात, बहिणीला, शेजारणीला, आणि तेव्हा त्यांना ती ओळ लपवावी लागता कामा नये.

नातं अजून तेवढं मोकळं नसेल तर

सगळ्यांकडे असा फोनचा प्रसंग नसतो. कुठे बोलणं मोजकं असतं, कुठे थोडा ताण असतो, आणि तिथे खोटं लिहिलं की ते दोघींनाही कळतं. अशा वेळी त्यांनी तुमच्यासाठी काय केलं हे शोधत बसू नका, त्या कुठली गोष्ट खरोखर छान करतात ते बघा. अक्षर, बागकाम, हिशेब, गाणं, शिवण, वेळेवर निघणं, कितीही माणसं आली तरी न गडबडणं. एका मैत्रिणीचं असंच होतं, तिला आम्ही मिळून हे लिहून दिलं:

"आई, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. परवा कपाट आवरताना तुमची जुनी हिशेबाची वही दिसली, इतकी पानं आणि एकही ओळ वाकडी नाही, मी बघतच राहिले. हे वर्ष तुम्हाला निवांत जाऊ दे."

यात प्रेमाचा दावा नाही, पण नीट बघितल्याची खूण आहे, आणि ती खरी आहे. एवढं पुरतं.

३. सुरुवात साधी ठेवा

पहिली ओळ शुभेच्छेचीच असू दे. "आई, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!" बास. इथे वेगळं काही करायला जाऊ नका. नोटिफिकेशनमध्ये पहिलीच ओळ दिसते, ती वाचून त्यांना कळलं पाहिजे की हा शुभेच्छांचा मेसेज आहे. काही जणी "तुम्हाला एक सांगायचं होतं, खूप दिवस मनात होतं..." अशी सुरुवात करतात, ती स्क्रीनवर तेवढीच दिसली तर समोरच्या बाईच्या पोटात गोळा येतो.

"हार्दिक" लिहायचं तर "दि" ऱ्हस्व. आणि "शुभेच्छा" नीट टाइप करा, घाईत "शुभेच्या" जातं. सासूबाई शिक्षिका असतील तर त्यांची नजर आधी तिथेच जाणार.

४. मधल्या भागात क्रियापदं सांभाळा

हे वाचायला व्याकरणाच्या तासासारखं वाटेल पण मेसेज ताठर होतो की ऊबदार, हे अर्ध्याहून जास्त क्रियापदांवर ठरतं.

"तुम्ही" लिहिलंत की भूतकाळात शेवटी "त" येऊ द्या. तुम्ही विचारलंत, तुम्ही फोन केलात, तुम्ही आठवण ठेवलीत, तुम्ही म्हणालात. बोलताना "तुम्ही विचारलं" असंही सर्रास म्हणतो, चूक नाही, पण लिहिताना तो "त" असला की वाक्य थेट त्यांच्याकडे बघून बोलल्यासारखं होतं. निदान एका मेसेजमध्ये एकच ठेवा, एका ओळीत "केलंत" आणि पुढच्या ओळीत "सांगितलं" असं झालं की दोन ठिकाणांहून जोडल्यासारखं दिसतं. "तू" म्हणत असाल तर विचारलंस, केलास, ठेवलीस, म्हणालीस.

दुसरं म्हणजे बोलीत लिहा. "विचारले", "वाटले", "केले" असं लिहिलं की लगेच पुस्तकी होतं. "विचारलं", "वाटलं", "केलं" लिहा, जसं फोनवर बोलता तसं. काहींना वाटतं की मोठ्यांना लिहिताना शुद्ध म्हणजे पुस्तकीच लिहायला हवं. जुन्या पत्रांत "तीर्थरूप आईस सा. न. वि. वि." अशी सुरुवात व्हायची, तेव्हा ती पद्धतच होती आणि सगळ्याच पत्रांत ती असायची, त्यामुळे कुणाला ती परकी वाटत नव्हती. आज रोज "जेवलात का" असे मेसेज करणारी सून एका दिवशी तसं लिहायला लागली की आदर वाढत नाही, अंतर वाढतं. आदर "तुम्ही" मध्ये, त्या "त" मध्ये आणि तुम्ही त्यांची गोष्ट लक्षात ठेवलीत यात आधीच आलेला असतो.

तिसरं, प्रसंग सांगून झाला की तुम्हाला काय वाटलं ते एका छोट्या वाक्यात लिहा. "खूप बरं वाटलं", "धीर आला", "हसू आलं". मोठे शब्द नकोत, ऋणी आहे, कृतज्ञ आहे, भाग्य समजते वगैरे. ते खरे असले तरी त्यांना काय उत्तर द्यावं हे समोरच्याला कळत नाही. "खूप बरं वाटलं" ला "अगं त्यात काय" असं सहज उत्तर देता येतं, आणि सासूबाईंना असं सहज उत्तर देता आलं पाहिजे.

५. शुभेच्छा देताना आशीर्वाद देऊ नका

मराठीत आशीर्वाद वरून खाली येतो, मोठ्यांकडून लहानांकडे. "सुखी राहा", "यशस्वी व्हा", "खूप मोठ्या व्हा" हे त्या तुम्हाला म्हणतील, तुम्ही त्यांना म्हटलं की वाक्य उलटं पडतं. शब्द गोड असतात म्हणून लक्षात येत नाही, पण वाचणाऱ्याला कुठेतरी खटकतं. "नेहमी अशाच हसत राहा" हे तर सगळीकडे चालतं, तरी मी ते टाळते, कारण ती एक प्रकारची सूचना आहे आणि प्रत्येक बाईला न हसायचाही हक्क असतो. "तब्येतीची काळजी घेत जा" चंही तेच, वाढदिवसाच्या दिवशी सूनबाईकडून सूचना नको.

त्याऐवजी "होवो, जावो, मिळो" किंवा त्याहून घरगुती "होऊ दे, जाऊ दे, मिळू दे" वापरा. हे वर्ष तुम्हाला आनंदात जाऊ दे. तुम्हाला हवी तशी विश्रांती मिळू दे. यात तुम्ही त्यांना काही करायला सांगत नाही, त्यांच्यासाठी मागताय.

आणि काय मागताय ते त्यांचं असू दे. "उत्तम आरोग्य, सुख, समृद्धी, समाधान" हे चारही एकदम मागितले की एकही ऐकू येत नाही. माझ्या जावेने आधी तेच लिहिलं होतं. मी तिला विचारलं, आई सध्या कशासाठी तळमळतात? ती लगेच म्हणाली, "ती जाडजूड कादंबरी! कितीदा वाचायला घेतात आणि प्रत्येक वेळी कुणीतरी उठवतं." बघा, उत्तर तिला माहिती होतंच. शुभेच्छा तिथून निघाली.

६. तिचा मेसेज कसा तयार झाला

आधी तिने लिहिलेला:

"आदरणीय आई, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपण अत्यंत प्रेमळ व कर्तृत्ववान आहात. आपले मार्गदर्शन आम्हांस सदैव लाभो हीच ईश्वरचरणी प्रार्थना."

मी म्हटलं फार औपचारिक झालंय, तर ती एकदम दुसऱ्या टोकाला गेली:

"हॅपी बर्थडे माय स्वीट मॉम!! तू माझी सासू नाहीस, बेस्ट फ्रेंड आहेस, लव्ह यू लोड्स!!"

हे ती तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीला लिहिते तसं आहे. एरवी ती आईंना "तुम्ही" म्हणते, आणि त्या दोघींमध्ये "लव्ह यू" हा शब्द आजवर कधी आलेला नाही. तो यायचा तेव्हा येईल, वाढदिवसाच्या मेसेजमधून ढकलून आणायची गरज नाही.

मग प्रसंग सापडल्यावर तिने पुन्हा लिहिलं आणि त्यात एक वाक्य होतं, "माझ्या स्वतःच्या आईनेसुद्धा असं विचारलं नव्हतं." तेवढं मी काढायला लावलं. वाक्य खरं होतं, भावनाही खरी होती, पण एका आईला मोठं करायला दुसरीला छोटं करावं लागत असेल तर ते कौतुक नको. शिवाय विहिणी-विहिणी एकमेकींशी बोलतात, ते वाक्य तिकडे पोचायला वेळ लागत नाही.

शेवटी गेलेला मेसेज असा:

"आई, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!
नवीन ऑफिसच्या पहिल्या दिवशी तुमचा फोन आला होता आणि तुम्ही विचारलंत, जागा खिडकीजवळ मिळाली का. मला कोंदट जागेत त्रास होतो हे मी गाडीत एकदाच बोलले होते, तुम्ही ते लक्षात ठेवलंत. फोन ठेवल्यावर खूप बरं वाटलं होतं, तेव्हा सांगायचं राहिलं म्हणून आज सांगतेय.
या वर्षी तुमची ती कादंबरी कुणीही मध्ये न उठवता पूर्ण होऊ दे!
संध्याकाळी फोन करते. नमस्कार."

आणि खाली तिचं घरातलं नाव. मोजून बघितलं तर यात "प्रेमळ" नाही, "आदर" नाही, "आई समान" नाही, तरी सगळं आहे. "नमस्कार" मात्र ठेवला, कारण समोर असती तर तिने नमस्कार केलाच असता. आणि "संध्याकाळी फोन करते" हे लिहिल्यामुळे त्यांना लगेच लांबलचक उत्तर टाइप करायचं दडपण येत नाही.

७. पाठवण्याआधी या ओळी शोधा आणि काढा

"तुम्ही माझ्या सासू नाही, आईच आहात." हे लिहायचा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. पहिल्या वर्षी ते खरं असण्याइतका सहवासच झालेला नसतो, आणि दुसरं म्हणजे त्यात सासू असणं ही काहीतरी वाईट गोष्ट आहे असं आपोआप येतं. त्या सासूच आहेत, आणि छान सासू आहेत. तसंच राहू दे.

"तुमच्या मुलाला इतकं छान वाढवलंत त्याबद्दल थँक्यू." हे गोड आहे पण अख्खा मेसेज त्यावर उभा केला तर वाढदिवस त्यांचा आणि कौतुक नवऱ्याचं असं होतं. लिहायचंच तर इतर कुठल्यातरी दिवशी.

"या वयातही तुम्ही किती उत्साही!" वय काढू नका. आकडाही नको, त्यांनी स्वतःहून साठी किंवा पंच्याहत्तरीचा उल्लेख आनंदाने केला असेल तरच.

"दिवसभर सगळ्यांसाठी राबता." यात कौतुक आहे असं आपल्याला वाटतं, पण वाचणाऱ्या बाईला आपलं आयुष्य राबण्यातच गेलं असं वाटू शकतं. त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या नजरेबद्दल, बोलण्याबद्दल, आवडीनिवडीबद्दल लिहा.

"काही चुकलं असेल तर माफ करा." मागे काही बिनसलं असेल तर त्याचं बोलणं वेगळं आणि समोरासमोर. वाढदिवसाच्या मेसेजमध्ये घातलं की त्या दिवशी त्यांनाच मन मोठं करून उत्तर द्यावं लागतं.

तयार मेसेज वापरत असाल तर त्यातला "सौ." आणि "अखंड सौभाग्य" नीट बघा. सासरे हयात नसतील तर हे शब्द फार लागतात, आणि फॉरवर्ड करताना कुणाचं लक्ष जात नाही. सासरे गेल्यानंतरचा पहिलाच वाढदिवस असेल तर उद्गारचिन्हं आणि फुगे काढा, मेसेज आणखी छोटा करा, आणि "आज तुमची आठवण येतेय, संध्याकाळी येते" एवढं लिहून खरंच जा.

इमोजी एखाद-दोन पुरेत. फुलाचा चालतो, हात जोडलेला चालतो. एका ओळीत सात-आठ आले की मजकूर शोधावा लागतो.

८. मोठ्याने वाचून बघा

मेसेज पूर्ण झाला की त्या समोर बसल्यात असं धरून मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते किंवा आवाज सूत्रसंचालन करणाऱ्यासारखा होतो ती ओळ बदला. आणि दुसरी तपासणी, त्यांचं नाव काढून मैत्रिणीच्या सासूला हा मेसेज पाठवता येईल का बघा. येत असेल तर पायरी दोनवर परत जा, प्रसंग अजून सापडलेला नाही.

नवऱ्याला दाखवायचा का? तथ्य तपासायला दाखवा, म्हणजे तारीख, एखादं नाव. भाषा दुरुस्त करायला नको, तो त्याच्या आईशी जसं बोलतो तसं करून ठेवेल, ते तुमचं राहणार नाही. आणि त्याच्या वतीने "आम्हा दोघांकडून" लिहू नका. त्याचा मेसेज त्याने करावा.

९. कधी आणि कुठे पाठवायचा

रात्री बाराला पाठवायची सवय आपली आहे. त्या लवकर झोपत असतील तर फोन वाजून दचकतील, आधी कुणाला काय झालं असंच मनात येतं. त्या उठून फोन हातात घेतात तो वेळ तुम्हाला माहिती असेलच, त्याच्या जरा आधी पाठवा. उशीर केला तर फॅमिली ग्रुपवरच्या फुलांच्या फोटोंच्या गर्दीत तुमचा मेसेज खाली जातो.

खाजगी मेसेज खाजगीच पाठवा. तोच ग्रुपवर टाकला की तिथे बाकीच्या सुना, मुली, सगळ्यांच्या मेसेजशी तुलना सुरू होते, आणि त्यांनाही मोकळं उत्तर देता येत नाही. ग्रुपवर एकच ओळ, "आई, वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा!" पुरे.

स्टेटस ठेवणार असाल तर तिथे त्यांच्याबद्दल बोलताय, त्यामुळे "आज आईंचा वाढदिवस", "आई नेहमी म्हणतात" असं अनेकवचनात लिहा. "आईंचा" मधला अनुस्वार खाल्ला तर वाचणाऱ्यांना तुमच्या माहेरच्या आईचा वाढदिवस वाटेल आणि तिकडे शुभेच्छांचे फोन जातील. "तू" म्हणणाऱ्यांनी "आज माझ्या सासूबाईंचा वाढदिवस" असं स्पष्टच लिहावं. फोटो निवडताना त्या छान दिसताहेत असा निवडा, तुम्ही छान दिसताय आणि त्यांचे डोळे मिटलेत असा नको. आणि शक्यतो टाकायच्या आधी त्यांना दाखवा.

त्यांना फोनवर वाचणं जड जात असेल तर हेच चार-सहा ओळी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या. व्हॉइस मेसेजही चालेल, पण लिहिलेलं वाचून दाखवू नका, प्रसंग लक्षात ठेवा आणि तोंडाने सांगा.

एकाच घरात राहत असाल तर आधी समोर जाऊन बोला, मेसेज नंतर. शेजारच्या खोलीतून आलेला पहिला मेसेज कितीही सुंदर असला तरी चुकीचा वाटतो.

१०. उत्तर आल्यावर

बऱ्याच सासूबाई मोठ्या मेसेजला नुसता हात जोडलेला इमोजी किंवा "थँक्यू बेटा" पाठवतात. त्याचा अर्थ त्यांना आवडला नाही असा काढू नका. टाइप करणं त्यांना जड जातं, शिवाय सुनेने असं काही लिहिलं की काय बोलावं हे त्यांनाही सुचत नाही, त्यांच्या सासूशी त्यांचं असं बोलणं झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. संध्याकाळी फोन कराल तेव्हा "मेसेज वाचलात का" हे विचारू नका. त्यांचा दिवस कसा गेला, कुणाकुणाचे फोन आले, ते विचारा. त्यांना मेसेजबद्दल बोलायचं असेल तर त्या फोन ठेवता ठेवता बोलतील.

आमच्या आईंनी माझ्या जावेला उत्तरात फक्त "हो गं" एवढंच पाठवलं होतं. ती दिवसभर विचारत होती, "ताई, त्यांना राग आला का?" संध्याकाळी फोनवर सगळ्या गप्पा झाल्या आणि शेवटी आईंनी विचारलं, "आता बसतेस ना खिडकीजवळ?"

आणि हो, पाठवलेला मेसेज स्टार करून ठेवा किंवा नोट्समध्ये कॉपी करा. पुढच्या वर्षी लिहायला बसाल तेव्हा तो आधी उघडून बघा, म्हणजे तोच प्रसंग परत जाणार नाही. वर्षभरात त्यांचं एखादं वाक्य मनाला लागलं, हसवून गेलं, की तिथेच खाली दोन शब्दांत टिपून ठेवलंत तर आदल्या रात्री आठवत बसावं लागत नाही.